हार्ड-हार्डली, लेट-लेटली, निअर-निअर्ली: चूक नेमकी कुठे होते आणि ती कशी पकडायची

एका सहकाऱ्याने मागे वर्षअखेरीचं स्वतःचं मूल्यमापन लिहिलं आणि साहेबांकडे पाठवायच्या आधी मला वाचायला दिलं, त्यात पहिलंच वाक्य होतं ‘आय हॅव वर्क्ड हार्डली धिस इयर’. त्याला म्हणायचं होतं की वर्षभर खूप मेहनत केली, पण वाचणाऱ्याला वाटणार की या माणसाने वर्षभर काम जवळपास केलंच नाही. सॉफ्टवेअरने खाली लाल रेघ मारली नव्हती, कारण स्पेलिंग अगदी बरोबर होतं. या जोड्यांमध्ये हीच खरी अडचण आहे, दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत, वाक्य वरवर ठीक दिसतं आणि अर्थ मात्र उलटा होऊन बसतो.

म्हणून या तीन जोड्या एकेक करून नीट बघू. सगळ्यात जास्त वेळ हार्डलीला देणार आहे, कारण तिथे एक सोडून तीन चुका होतात. शेवटी त्या सहकाऱ्याचा मजकूर घेऊन ओळीओळीने दुरुस्त करू.

आधी, ही चूक आपल्याकडून का होते

मराठीत क्रिया कशी केली हे सांगायचं असेल तर आपण शब्दाला काहीतरी जोडतो, मेहनतीने, शांतपणे, जोरात, हळूहळू. शाळेत इंग्रजी शिकताना डोक्यात बसतं की ‘-ने’ किंवा ‘-पणे’ दिसलं की इंग्रजीत शेवटी एल-वाय लावायचा, म्हणजे शांतपणे क्वाएटली, काळजीपूर्वक केअरफुली. हे शंभरातल्या बहुतेक शब्दांना चालतं म्हणूनच ते पक्कं होतं, आणि मग मेहनतीने म्हटलं की हात आपोआप हार्डली टाइप करतो.

खरं तर हार्ड हा शब्द जसाच्या तसा क्रियाविशेषण आहे, त्याला काही लावायची गरजच नाही. फास्ट, लेट, निअर हेही तसेच. याचं कारण इंग्रजीच्या जुन्या रूपात आहे. साधारण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी एक ‘ए’ सारखा छोटा स्वर लावला की क्रियाविशेषण व्हायचं, पुढे तो स्वर उच्चारातून गळून पडला आणि विशेषण व क्रियाविशेषण दिसायला सारखेच राहिले. एल-वायवालं हार्डलीही जुनंच आहे, आधी त्याचा अर्थ खरोखर ‘जोराने, कठोरपणे’ असा होता, मग ‘मोठ्या कष्टाने’ असा झाला, आणि जे कष्टाने होतं ते जेमतेमच होतं म्हणून 16व्या शतकाच्या सुमाराला ‘जेमतेम’ हा अर्थ आला. आता तोच उरलाय. म्हणजे ‘मेहनतीने’ साठी हार्डली वापरणं कधीकाळी अगदीच चुकीचं नव्हतं, पण आज ते चालत नाही.

सगळ्याच एल-वायवाल्या जोड्या अशा फसव्या नसतात हेही सांगते. स्लो-स्लोली, लाउड-लाउडली, क्विक-क्विकली यांत अर्थ तोच राहतो, फक्त एक जरा बोलीतला आणि दुसरा जरा औपचारिक. त्यामुळे प्रत्येक जोडीला घाबरायचं कारण नाही.

पायरी 1: हार्ड की हार्डली, आधी अर्थ मराठीत म्हणून बघा

वाक्य लिहिण्याआधी मनात मराठीत म्हणा. ‘जोरात’, ‘मेहनतीने’, ‘कसून’, ‘धो धो’ यांपैकी काही येत असेल तर हार्ड. ‘जेमतेम’, ‘क्वचितच’, ‘फारसं नाही’, ‘जवळपास नाहीच’ असं काही येत असेल तर हार्डली. एवढंच, पण ही पायरी खरंच करा, नुसती वाचून सोडू नका.

फरक किती मोठा आहे ते पावसाच्या वाक्यात एकदम कळतं. ‘इट रेन्ड हार्ड लास्ट नाइट’ म्हणजे काल रात्री धो धो पाऊस पडला. ‘इट हार्डली रेन्ड लास्ट नाइट’ म्हणजे काल रात्री पाऊस जवळपास पडलाच नाही, चार थेंब आले असतील नसतील. तसंच चेंडूचं, ‘ही हिट द बॉल हार्ड’ म्हणजे जोरात मारला, ‘ही हार्डली हिट द बॉल’ म्हणजे बॅट जेमतेम लागली. बातम्यांमध्ये एक वाक्य सारखं येतं, ‘द टाउन वॉज हार्ड हिट बाय द फ्लड’, म्हणजे पुराचा शहराला जबर फटका बसला, आणि इथे कोणी हार्डली लिहिलं तर शहराला फारसं काही झालंच नाही असा अर्थ निघतो, म्हणजे ज्यांचं घर वाहून गेलं त्यांच्याबद्दल आपण भलतंच सांगून बसतो.

कष्टाची कमाई यालाही हार्ड-अर्न्ड मनी म्हणतात, हार्डली अर्न्ड नाही. आणि समजा एल-वायवालाच शब्द हवाय, वाक्य जरा औपचारिक वाटावं म्हणून, तर मेहनतीने साठी डिलिजंटली वापरा. कोणाशी कठोरपणे वागणं असेल तर हार्शली. हार्डली कुठल्याच कठोरपणाला चालत नाही.

पायरी 2: शब्द कुठे ठेवायचा

जागा बघितली तरी अर्ध्या चुका पकडता येतात. हार्ड हिट, हार्ड-अर्न्ड अशा ठरलेल्या जोड्या सोडल्या तर हार्ड क्रियापदाच्या नंतर येतो, आणि कर्म असेल तर कर्माच्याही नंतर. ‘शी स्टडीड हार्ड’, ‘ही पुश्ड द डोअर हार्ड’. मराठीत आपण ‘दार जोरात ढकललं’ म्हणतो, म्हणजे जोरात आधी आणि क्रियापद शेवटी, त्या सवयीने ‘ही हार्ड पुश्ड द डोअर’ असं लिहिलं जातं आणि ते कानाला खटकतं.

हार्डली मात्र क्रियापदाच्या आधी येतो, आणि कॅन, हॅव, इज असलं सहायक क्रियापद असेल तर त्याच्या लगेच नंतर. ‘आय हार्डली नो हिम’, ‘आय कॅन हार्डली हिअर यू’, ‘शी हॅज हार्डली ईटन’. म्हणजे तुम्ही लिहिलेल्या वाक्यात हार्डली अगदी शेवटी आलाय, ‘ही वर्क्स हार्डली’, असं दिसलं तर बहुतेक वेळा तुम्हाला हार्डच म्हणायचं होतं. माझ्या अनुभवात ही खूण फारच उपयोगी आहे, कारण ती बघायला अर्थाचा विचारसुद्धा करावा लागत नाही.

पायरी 3: दुसरा नकार काढून टाका

हार्ड-हार्डली नीट समजलेली माणसंही इथे अडकतात. ‘तो फारसा बोलत नाही’ या मराठी वाक्यात ‘नाही’ आहे, आणि ते ‘नाही’ सोडायला जीव तयार होत नाही, म्हणून लिहिलं जातं ‘ही हार्डली डझन्ट टॉक’. हार्डलीच्या पोटातच नकार आहे. फारसा आणि नाही हे दोन्ही मिळून एकटा हार्डली आहे, त्यामुळे वाक्य फक्त ‘ही हार्डली टॉक्स’ एवढंच. नॉट, नेव्हर, नो, नथिंग, नोबडी यातलं काहीही हार्डलीबरोबर एकाच वाक्यात दिसलं की थांबा आणि त्यातला एक काढा.

मग नेव्हरच्या जागी एव्हर येतो, नो च्या जागी एनी, नोबडीच्या जागी एनीबडी. ‘आय हार्डली एव्हर गो देअर’ म्हणजे मी तिथे क्वचितच जाते. ‘देअर इज हार्डली एनी वॉटर लेफ्ट’ म्हणजे पाणी जवळपास संपलंय. हार्डली एव्हर आणि हार्डली एनी हे दोन तुकडे जोडीनेच पाठ करून ठेवले तर पुढे विचार करायला लागत नाही.

हा शब्द आतून नकारार्थी आहे याचा एक पुरावा म्हणजे वाक्याच्या शेवटी येणारा ‘हो ना?’ वाला छोटा प्रश्न. नकारार्थी वाक्यानंतर तो होकारार्थी येतो हे शाळेत शिकलेलं असतं. ‘ही हार्डली टॉक्स, डझ ही?’ इथे डझन्ट नाही, डझ आहे, कारण व्याकरण हार्डलीला नकारच समजतं.

‘इट्स हार्डली सरप्रायझिंग’ असंही खूप ऐकू येतं. इथे जेमतेम लावून अर्थ लागत नाही. मराठीत आपण ‘त्यात आश्चर्य कसलं?’ म्हणतो ना, तो भाव. न म्हणता नाही म्हणायची पद्धत.

आणि एक रचना जी परीक्षेत हमखास विचारतात, ‘हार्डली हॅड आय सॅट डाउन व्हेन द फोन रँग’. हिचं भाषांतर लोक ‘क्वचितच मी बसलो होतो’ असं काहीतरी करतात आणि मग गोंधळतात. याला मराठीत अगदी बरोबर जुळणारं वाक्य आहे, ‘मी बसलो न बसलो तोच फोन वाजला’. बघा, आपल्याकडेही मध्ये एक ‘न’ येतोच. यात दोन गोष्टी सांभाळायच्या, हार्डली पहिला आला की हॅड कर्त्याच्या आधी जातो, आणि पुढे व्हेन येतो. दॅन लिहू नका, दॅन ‘नो सूनर’ बरोबर येतो, हार्डलीबरोबर व्हेन.

पायरी 4: लेट आणि लेटली, इथे ‘हल्ली’ लावून बघा

लेट म्हणजे उशिरा. ‘ही केम लेट’, ‘वी स्टेड अप लेट’, ‘द ट्रेन अराइव्ह्ड टेन मिनिट्स लेट’. उशिरा साठी लेटली कधीच नाही, याला अपवाद नाही, म्हणून हा भाग चटकन संपतो.

लेटली म्हणजे हल्ली, म्हणजे मागच्या थोड्या काळापासून आत्तापर्यंत. पुस्तकांत ‘अलीकडे’ असा अर्थ दिलेला असतो आणि तिथेच घोळ होतो, कारण मराठीतलं अलीकडे दोन्ही कामं करतं. ‘अलीकडे मला झोप लागत नाही’ हेही बरोबर आणि ‘अलीकडेच त्याने घर घेतलं’ हेही बरोबर. इंग्रजीत पहिल्याला लेटली चालतं, दुसऱ्याला रिसेन्टली लागतं. म्हणून अलीकडे सोडून द्या आणि नुसतं ‘हल्ली’ लावून बघा, हल्लीच नाही, च शिवाय हल्ली. ‘हल्ली मला झोप लागत नाही’ हे सहज वाटतं, म्हणून लेटली. ‘हल्ली त्याने घर घेतलं’ हे कानाला विचित्र वाटतं, कारण घर एकदा घेऊन झालंय, ती चालू असलेली गोष्ट नाही, म्हणून तिथे ‘ही रिसेन्टली बॉट अ हाउस’.

आता काळ. मराठीत हल्लीबरोबर साधा वर्तमानकाळ येतो, हल्ली मी कमी झोपते, आणि त्यावरून ‘लेटली आय स्लीप लेस’ लिहिलं जातं. इंग्रजीला इथे हॅव लागतो, कारण गोष्ट मागे सुरू होऊन आत्तापर्यंत आलीय. ‘आय हॅव बीन स्लीपिंग लेस लेटली’, ‘हॅव यू सीन हिम लेटली?’. आणि लेटलीबरोबर यस्टरडे, लास्ट वीक असले ठरावीक दिवस ठेवू नका, एकीकडे आत्तापर्यंत चालू म्हणायचं आणि दुसरीकडे कालच संपलं म्हणायचं असं होतं. ‘आय केम लेटली यस्टरडे’ मध्ये तर दोन्ही चुका एकत्र आहेत, तिथे हवं ‘आय केम लेट यस्टरडे’.

लेटली बहुतेक वाक्याच्या शेवटी नाहीतर अगदी सुरुवातीला बसतो. लेट क्रियापदाच्या मागे. जागेवरून इथे फारसं ओळखता येत नाही कारण दोन्ही शेवटी येऊ शकतात, म्हणून हल्लीची कसोटीच धरून चला.

पायरी 5: निअर आणि निअर्ली, जवळ आणि जवळजवळ

ही जोडी मराठी माणसाला सगळ्यात सोपी जायला हवी, कारण आपल्याकडे अगदी तश्शीच जोडी आहे. जवळ म्हणजे निअर, जवळजवळ म्हणजे निअर्ली. जागा, अंतर, पोचण्याची वेळ यांना निअर. ‘शी लिव्ह्ज निअर द स्टेशन’, ‘डोन्ट कम निअर’, ‘द एक्झाम इज ड्रॉइंग निअर’. आकडे, पूर्णपणा आणि होता होता राहिलेल्या गोष्टी यांना निअर्ली.

एक गोष्ट निअरबद्दल, ‘स्टेशनपासून जवळ’ मधलं ‘पासून’ इंग्रजीत आणू नका. निअर फ्रॉम असं काही नसतं. निअर द स्टेशन, नाहीतर निअर टू द स्टेशन.

होता होता राहिलेलं म्हणजे काय ते महत्त्वाचं आहे. ‘आय निअर्ली फेल डाउन’ म्हणजे मी पडता पडता वाचले. म्हणजे पडले नाही. ‘ही निअर्ली मिस्ड द ट्रेन’ म्हणजे ट्रेन चुकता चुकता राहिली, अर्थात मिळाली. निअर्लीच्या पुढची क्रिया घडलेली नसते, हे लक्षात नसलं तर आपण बातमीचा अर्थ उलटा लावतो.

आकड्यांमध्ये एक बारीक फरक आहे जो मला स्वतःला खूप उशिरा कळला. मराठीत ‘जवळपास 500 लोक आले’ म्हटलं तर ते 490 असू शकतात किंवा 510 सुद्धा, आपण तेवढं बघत नाही. इंग्रजीतलं निअर्ली 500 नेहमी पाचशेच्या खालीच असतं, वर गेलं की निअर्ली राहत नाही. म्हणजे अहवालात खरा आकडा 512 असताना ‘निअर्ली 500’ लिहिणं चूक आहे, तिथे अबाउट 500 किंवा अराउंड 500 लिहा, नाहीतर सरळ ओव्हर 500. वेळेलाही तसंच, निअर्ली फाइव्ह म्हणजे पाच वाजायला काही मिनिटं बाकी आहेत, पाच वाजून गेलेले नाहीत.

नथिंग, नोबडी, नेव्हर यांच्याआधी निअर्ली बसत नाही, तिथे ऑलमोस्ट लागतो, ऑलमोस्ट नथिंग, ऑलमोस्ट नेव्हर. आणि ‘नॉट निअर्ली इनफ’ याचा अर्थ ‘जवळजवळ पुरेसं नाही’ असा घेऊ नका, हा फार जोरदार नकार आहे, पुरण्याच्या आसपासही नाही असा.

आता तो मजकूर घेऊ

सहकाऱ्याने पहिल्या वाक्यानंतर जे लिहिलं होतं ते साधारण असं, ‘आय लेटली जॉइन्ड धिस टीम बट आय हार्डली डोन्ट मिस एनी डेडलाइन. इन मार्च निअर 40 फाइल्स वेअर पेंडिंग अँड आय स्टेड लेटली टू फिनिश देम.’

पहिलं वाक्य आधीच बघितलंय. हार्डली शेवटाकडे, क्रियापदाच्या मागे बसलाय, तीच खूण. त्याला विचारलं मराठीत काय म्हणायचंय, तर ‘खूप मेहनत केली’. मग ‘आय हॅव वर्क्ड हार्ड धिस इयर’.

दुसऱ्यात आधी लेटली. हल्ली लावून बघितलं, ‘हल्ली मी या टीममध्ये आलो’, जमत नाही, कारण येणं एकदाच झालं. म्हणून ‘आय जॉइन्ड धिस टीम रिसेन्टली’. पुढे हार्डली आणि डोन्ट एकत्र आहेत, म्हणजे दोन नकार, आणि हिशेब केला तर तो चक्क असं म्हणतोय की डेडलाइन जवळपास नेहमीच चुकते. त्याला म्हणायचं होतं क्वचितच चुकते. क्वचितच म्हणजे हार्डली एव्हर, आणि टीममध्ये आल्यापासून आत्तापर्यंतची गोष्ट आहे म्हणून हॅव, तर झालं ‘आय हॅव हार्डली एव्हर मिस्ड अ डेडलाइन’.

तिसऱ्या वाक्यात मला आधी त्याला एक प्रश्न विचारायला लागला, फाइल्स नक्की किती होत्या? तो म्हणाला 43. निअर तर चालणारच नव्हता कारण तो जागेचा शब्द, पण 43 ला निअर्ली 40 सुद्धा चालत नाही. म्हणून ‘मोअर दॅन 40 फाइल्स’. आणि स्टेड लेटली मध्ये त्याला म्हणायचं होतं उशिरापर्यंत थांबलो, म्हणून ‘आय स्टेड लेट’.

त्यानंतर त्याला एक सवय लावून दिली. काही महत्त्वाचं लिहून झालं की `Ctrl+F` दाबायचं आणि शोधायच्या चौकटीत आधी `hardly`, मग `lately`, मग `nearly` टाकायचं. प्रत्येक ठिकाणी थांबून जेमतेम, हल्ली किंवा जवळजवळ ठेवून वाक्य मराठीत एकदा वाचायचं. एका पानाला दोन मिनिटंही लागत नाहीत. उलटी चूक, म्हणजे हार्डली हवा तिथे हार्ड लिहिलं गेलंय, ही यात सापडत नाही, पण ती आपल्याकडून फार कमी होते. निअर्लीच्या जागी निअर मात्र बरेचदा येतो, म्हणून चौथ्यांदा `near` शोधायचं आणि त्याच्या लगेच पुढे आकडा आहे का एवढंच बघायचं.